मदत हवी आहे : मूळव्याधीचा रक्तस्राव, आणि गोळ्या थांबताच पुन्हा घसरणारे हिमोग्लोबिन

मृद्गंध : नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ४७ आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मूळव्याध आहे. दुखत काही नाही, पण शौचानंतर लाल रक्ताचे थेंब पडतात, मध्येच थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. या वर्षी त्यांना जिना चढताना दम लागू लागला आणि दिवसभर बर्फ चघळावासा वाटू लागला. हिमोग्लोबिन ८.१ निघाले. महिनाभर लोहाच्या गोळ्या घेतल्यावर ते ९.६ झाले, तरतरी आली म्हणून गोळ्या थांबवल्या, आणि दोन महिन्यांनी आकडा पुन्हा ८.४ वर आला आहे. तांबड्या पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ६६ आहे. गोळ्या लागू पडत नाहीत असे समजावे का? रक्त चढवावे लागेल का?

पैलतीर : चार थेंबांनी हिमोग्लोबिन एवढे उतरत नाही. माझ्या मते हा बी-१२ चा अभाव असावा. ते तपासून घ्या, आणि सगळा दोष मूळव्याधीवर टाकून मोकळे होऊ नका.

अबोली : माझे हिमोग्लोबिन पाळीतील अतिस्रावामुळे ७ च्या आसपास गेले होते. गोळ्यांनी मळमळ व्हायची, म्हणून शिरेतून लोह दिले आणि मी बरी झाले. तुम्हीही तेच करा, मूळव्याधीच्या ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका.

नीलकंठी : मी शल्यचिकित्सा विभागात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. १ मिलीलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते, आणि आहारातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषते. रोज एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर रक्त गेले, तर अडीच मिलिग्रॅम लोह जाते. ही तूट वर्षानुवर्षे साचत राहिली की साठा रिकामा होतो आणि मगच हिमोग्लोबिन घसरू लागते. शरीर हळूहळू सरावत असल्यामुळे आकडा बराच खाली येईपर्यंत थकव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पैलतीर, बी-१२ कमी असताना तांबड्या पेशी सहसा मोठ्या होतात. इथे ६६ म्हणजे त्या बऱ्याच लहान आहेत, आणि बर्फ चघळण्याची ओढही लोहाच्या अभावाकडेच बोट दाखवते. खात्रीसाठी लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पाहावे. मात्र सगळा दोष मूळव्याधीवर टाकू नये हे तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. पुरुषाला या वयात लोहाच्या अभावाने रक्ताल्पता झाली, तर मूळव्याध डोळ्यांना दिसत असली तरी कोलोनोस्कोपी आणि जठराची दुर्बीण तपासणी करून घ्यावी, कारण आतड्यातली गाठ किंवा जठरातला व्रणही असाच गुपचूप रक्त घालवतो.

मृद्गंधताई, गोळ्या लागू पडल्या होत्या. महिन्यात दीड ग्रॅमची वाढ हाच त्याचा पुरावा आहे. हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढवायला सुमारे १७० मिलिग्रॅम लोह लागते, म्हणजे ८.४ वरून १३.५ पर्यंत जायला साडेआठशेच्या पुढे, आणि साठा भरायला आणखी पाचशेच्या आसपास. महिनाभरात त्याचा लहानसा भागच भरला गेला, आणि गळती तर चालूच राहिली. म्हणून हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात. स्थिर प्रकृतीच्या माणसाला ८.४ ला सहसा रक्त चढवत नाहीत. पण छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा एकाएकी खूप रक्त जाणे असे काही झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

अबोली : मग शिरेतून लोह घेण्यात चूक काय?

नीलकंठी : काहीच नाही. गोळ्या सोसत नसतील किंवा रक्त इतके जात असेल की गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, तर तोच मार्ग बरा. पण त्याने गळती थांबत नाही. आतल्या मूळव्याधीला पुष्कळदा रबर बँड लावून भागते, शस्त्रक्रियेची गरज पडतेच असे नाही.

मृद्गंध : सर्वांचे आभार. फेरिटिन ६ निघाले आहे आणि बी-१२ ठीक आहे. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, परंतु शौच काळी आणि कडक होते आणि कुंथल्यावर रक्त वाढते. कोलोनोस्कोपी ठरली आहे. गोळी रोज घ्यावी की दिवसाआड, यावर दोन डॉक्टरांनी दोन मते दिली.

नीलकंठी : गोळीमुळे शौच काळी होते, ते अपेक्षितच आहे, डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली तर मात्र लगेच कळवा. दिवसाआड गोळीने पोटाला त्रास कमी होतो आणि दर गोळीमागे शोषणही बरे होते, म्हणून काही डॉक्टर ती पसंत करतात. काहींना आकडा लवकर वाढवायचा असल्यास रोजची हवी असते. दोन्ही मते चुकीची नाहीत. गोळी चहा, कॉफी किंवा दुधासोबत मात्र घेऊ नये. मल मऊ ठेवणारे औषध सोबत मागून घ्या, कारण कुंथणे चालू राहिले तर रक्तही जातच राहील. कोलोनोस्कोपीच्या साधारण आठवडाभर आधी लोहाच्या गोळ्या थांबवायला सांगतात, कारण काळ्या मलामुळे आतडे नीट दिसत नाही. नेमका दिवस तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.