लग्नाच्या ग्रुप फोटोत आत्याला घालायचंय, फोटोग्राफरला काय लिहू?

हळदीचा_हात: घाई आहे, अल्बम परवा छपाईला जातोय. आत्या लग्नाला येऊ शकली नाही. बाबांचा हट्ट, तिला फोटोत घ्याच. फोटोग्राफरला लिहिलं, "दादा, हिला ॲड करा ना", सोबत फोटो. उत्तर आलं, "यातून होणार नाही." बस्स. नीट मेसेज कसा लिहू?

घाटावरचा: कुठला फोटो पाठवलास? आणि विचारू नये, पण आत्या आहेत ना?

हळदीचा_हात: अहो आहे! खुब्याचं ऑपरेशन झालंय, खुर्चीत बसते. फोटो चुलतभावाच्या मुंजीतला, व्हॉट्सॲपवर आलेला.

मिरजकर: दोन मिनिटांचं काम. बॅकग्राउंड उडवणारं ॲप घे, चिकटव. तो पैसे काढायला बघतोय.

रीळवाला: मिरजकर, कापणं दोन मिनिटांचं, बसवणं नाही. मी अल्बमचीच कामं करतो. मुंजीचा फोटो दुपारच्या उन्हातला असणार, डोळ्यांखाली काळं. स्टेजवर उजेड एका बाजूने येतो. ग्रुप फोटोत नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय ते बघ. आत्याची उलटी पडली, तर चिकटवलेलं लगेच कळतं. त्यात व्हॉट्सॲपवर फिरून चेहऱ्याचा तपशील गेलेला.

आत्या घरी आहे, तर नवाच फोटो काढ. खिडकी त्याच बाजूला येईल अशी खुर्ची ठेव, मागे साधी भिंत. मोबाईल तिच्या छातीच्या उंचीवर धर. उभ्याने काढलास तर वरून बघितल्यासारखी दिसेल. आठ-दहा फूट लांब राहा, जवळून नाक मोठं येतं. तिला मागच्या रांगेत, दोघांच्या खांद्यांमधून दिसेल अशी बसवायला सांग, म्हणजे पाय आणि जमिनीवरची सावली हा प्रश्नच उरत नाही.

ताईसाहेब: खुब्याला किती दिवस झाले? सासूबाईंना वॉकर लवकर दिला, त्याचा फायदा झाला.

कोपऱ्यातला_काका: आमच्या अल्बमात आजोबा पासपोर्टच्या फोटोवरून घातले होते. सगळे नवरीकडे बघून हसतायत, आजोबा रेशनच्या रांगेत उभे.

हळदीचा_हात: 😂 रीळवाला, मेसेजच लिहून द्या ना.

रीळवाला: "दादा, स्टेजवरच्या ग्रुप फोटोत (फाइलचा नंबर लिही) आत्याला मागच्या रांगेत, बाबा आणि काकांच्या मधे घ्यायचंय. तिचा नवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतेय. जमेल का, वेगळे किती लागतील? ते पान तेवढं छपाईला थांबवा आणि आधी नमुना दाखवा. मूळ फोटोही तसाच हवा."

मिरजकर: वेगळे पैसे कशाला? पॅकेज घेतलंय ना?

रीळवाला: पॅकेजमध्ये आलेली माणसं असतात हो.

हळदीचा_हात: पाठवला. "नमुना देतो, बघू" म्हणालाय. आता आत्या अडून बसलीय, पैठणीशिवाय फोटो नाही. पैठणी इस्त्रीवाल्याकडे, आणि त्याचं दुकान आज बंद.