काळोख्या ग्रेस्केल छायाचित्राला गॅमा द्यावा की लॉग, आणि आकडा कशावरून ठरवावा?

जिना_आणि_दिवा

एका अंधाऱ्या जिन्याचे ८ बिटचे ग्रेस्केल छायाचित्र उजळायचे आहे. त्यात सर्वांत गडद पिक्सेल ४ आहे, मध्यक २२, सरासरी ३४, ९५ वा शतमक ९० आणि एका दिव्यामुळे कमाल २५५. अशा कामाला लॉग हेच योग्य रूपांतर आहे असे माझे मत आहे, कारण गॅमाचा आकडा प्रत्येक जण अंदाजाने ठरवतो, तर `s = c·log(1 + r)` मध्ये c कमाल मूल्यावरून आपोआप मिळतो आणि निवडण्यासारखे काही उरत नाही. माझे हे म्हणणे कोणाला चुकीचे वाटते का, आणि वाटत असल्यास का?

अर्धप्रकाश

मला चुकीचे वाटते. गॅमाचा आकडा अंदाजाने ठरवावाच लागत नाही, तो ठरलेला आहे. पडद्याचा गॅमा २.२ असतो, म्हणून काळोखे छायाचित्र १/२.२ म्हणजे सुमारे ०.४५ या घाताने उजळावे. मी वर्षानुवर्षे हाच आकडा वापरतो आणि बहुतेक छायाचित्रे त्याने सुधारतात. लॉग मात्र सगळेच राखाडी करून टाकतो.

दृक्‌गणित

अर्धप्रकाश यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यांनी सांगितलेला आकडा दुसऱ्या कामाचा आहे. संवेदकाकडून आलेली मूल्ये प्रकाशाच्या प्रमाणात असतील, म्हणजे अजून कोणतीच वक्ररेषा त्यांच्यावर चढलेली नसेल, तेव्हा ती पडद्यासाठी तयार करताना १/२.२ च्या जवळपासचा घात लागतो. कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपीईजी फाइलवर हे काम आधीच झालेले असते. तिच्यावर पुन्हा ०.४५ लावल्यावर छायाचित्र उजळते, कारण एकाहून लहान कोणताही घात उजळतोच. त्यावरून हा आकडा या छायाचित्राचा आहे असे सिद्ध होत नाही. मध्यक २२ असलेल्या आणि मध्यक ६० असलेल्या छायाचित्रांना एकच घात पुरेल, हे गृहीत धरायला मला काही आधार दिसत नाही.

आता मूळ मताकडे येतो. लॉगमध्ये निवडण्यासारखे काही नाही असे वाटते, कारण निवड सूत्रात लपलेली आहे. तुमची ८ बिटची मूल्ये त्या सूत्रात घालून पाहा. ४ चे ७४ होतात, २२ चे १४४ आणि ९० चे २०७. जिन्याच्या ज्या कोपऱ्यात प्रकाश पोहोचतच नाही तो ७४ वर जाऊन बसला, आणि अर्धेअधिक छायाचित्र मध्य राखाडीच्याही वर गेले. काळोख्या छायाचित्राचे तुम्ही फिकट छायाचित्र केले. हेच सूत्र ० ते १ या पल्ल्यात आणलेल्या मूल्यांवर लावले, तर ०.१ चे जेमतेम ०.१४ होतात आणि रूपांतर झाले की नाही अशी शंका यावी इतका फरक क्षीण असतो. एकाच सूत्राचे दोन टोकांचे परिणाम केवळ मोजपट्टी बदलल्याने आले. म्हणून सूत्र `log(1 + k·x) / log(1 + k)` असे लिहावे, x ० ते १ मध्ये ठेवावा आणि k आपण निवडावा. तुमच्या सूत्रात k = २५५ गुपचूप निवडला गेला आहे, आणि या छायाचित्राला तो फार मोठा आहे.

नितळ

लॉगमुळे छायाचित्र फिकट होते हे मी पाहिले आहे, पण माझी अडचण वेगळीच होती आणि ती इथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्या छायाचित्रातही दिवा होता, आणि लॉग लावल्यावर दिव्याचा मध्यभाग चक्क काळा झाला. दिवसभर मी c बदलत राहिलो. अखेर लक्षात आले की मूल्ये ८ बिटच्या पूर्णांकातच ठेवून मी त्यांत १ मिळवत होतो. २५५ मध्ये १ मिळवल्यावर २५६ न होता ० होत होते आणि शून्याचा लॉग उणे अनंत येत होता. लॉग घेण्याआधी मूल्ये दशांश अपूर्णांकात नेल्यावर दिवा पुन्हा पांढरा झाला. तुमच्या दिव्याची मूल्येही २५५ ला टेकलेली आहेत, म्हणून सांगितले.

जिना_आणि_दिवा

नितळ यांनी सांगितलेला दोष माझ्या फाइलमध्येही निघाला. दिव्याच्या मध्यभागी काळा ठिपका आहे आणि तो मी धूळ समजत होतो. दृक्‌गणित यांचे म्हणणे पटते, पण मग गॅमाविरुद्धचा माझा आक्षेप लॉगलाही लागू झाला एवढेच त्यातून निघते. k = २५५ नको, तर किती? आणि गॅमा किती?

दृक्‌गणित

दोन्हींचा आकडा एकाच पद्धतीने काढता येतो. मात्र त्याआधी काळा बिंदू वजा करावा लागतो, आणि बहुतेक जण हीच पायरी वगळतात. तुमच्या छायाचित्रात ४ पेक्षा गडद काहीच नाही, म्हणजे तिथे ४ हाच काळा आहे. तो तसाच ठेवून मध्यक २२ ला, समजा, पूर्ण पल्ल्याच्या ०.३५ वर न्यायचा ठरवला, तर गॅमा `ln(0.35) / ln(22/255)` म्हणजे ०.४३ येतो. या गॅमाने ४ चे ४३ होतात. काळे काळे राहत नाही, आणि दोष वक्ररेषेच्या माथी मारला जातो.

४ वजा करून २५१ ने भागले की मध्यक ०.०७२ होतो आणि गॅमा सुमारे ०.४० निघतो. लॉगसाठी k वाढवत न्यावा आणि ०.०७२ चे ०.३५ जिथे होतात तिथे थांबावे. तुमच्यासाठी तो k ३५ आहे.

```python
x = np.clip((img.astype(np.float32) - 4) / 251, 0, 1)
g = x ** 0.40
l = np.log1p(35 * x) / np.log1p(35)
```

आता दोन्ही वक्ररेषा ० ला ०, कमालला कमाल आणि मध्यकाला ८९ देतात, म्हणून त्यांची तुलना रास्त होते. फरक मधल्या जागांत आहे. मूळ ६ चे गॅमाने ३७ होतात, लॉगने सुमारे १७. गॅमा एकाहून लहान असला की शून्यापाशी वक्ररेषा उभी चढते, तर लॉगचा तिथला उतार मर्यादित असतो, k ३५ ला सुमारे ९.८. संवेदकाचा नॉईज याच पट्ट्यात असतो. त्यामुळे मध्यक सारखाच उचलूनही लॉगमध्ये जिन्याच्या कोपऱ्यातले दाणे कमी दिसतील. उजळ बाजूला मात्र लॉग तोट्यात जातो. मूळ १५० ते २५५ एवढ्या भागाला गॅमा ५० पातळ्या देतो, तर लॉग ३७.

मध्यकच घ्यावा, सरासरी नव्हे. तुमची सरासरी ३४ आहे ती दिव्यामुळे. शिवाय चढती वक्ररेषा मध्यकाला नेमकी ठरवलेल्या जागी पोहोचवते, सरासरीबाबत तसे होत नाही. या आकाराच्या वक्ररेषेनंतर नवी सरासरी अपेक्षेपेक्षा खालीच येते.

संग्रहपाल

जुन्या छापील छायाचित्रांचे स्कॅन हे माझे रोजचे काम आहे, आणि माझे मत असे की लॉगची गरजच पडत नाही. काळोखे असेल तर गॅमा एकाखाली, फिकट असेल तर गॅमा एकावर, हे एकच साधन दोन्ही बाजूंना चालते. माझ्या फिकट स्कॅनमध्ये मूल्ये ९६ ते २१४ यांच्यात अडकलेली असतात. मी त्यांना गॅमा २.५ देतो आणि छायाचित्र लगेच भारदस्त दिसू लागते. लॉगला अशी दुसरी बाजू नाही.

दृक्‌गणित

दुसरी बाजू लॉगलाही आहे, त्याचा व्यस्त म्हणजे घातांकी वक्ररेषा. पण तुमच्या स्कॅनला त्या दोहोंपैकी काहीच आधी लावू नये असे मला आग्रहाने सांगायचे आहे. गॅमा २.५ ने ९६ चे २२ होतात आणि २१४ चे सुमारे १६५. छायाचित्र भारदस्त दिसते, कारण ते एकंदर गडद झाले. गडद भागात काय झाले ते पाहा: ९६ आणि १०६ मध्ये १० चा फरक होता, तो ६ वर आला. म्हणजे तपशील जिथे आधीच दबलेला होता, तिथेच तुम्ही तो आणखी दाबला, आणि पांढरा अजूनही १६५ वरच अडकला आहे.

काचेवरचा प्रकाश परतून आला की प्रत्येक पिक्सेलवर जवळपास सारखीच भर पडते. बेरजेने आलेला दोष वजाबाकीने काढावा, घाताने नव्हे. ९६ वजा करून ११८ ने भागले की सर्व पातळ्यांवर फरक २.१६ पट होतो. त्यानंतर मधल्या छटा जड किंवा हलक्या वाटल्या तर १.१, १.२ असा सौम्य गॅमा द्यावा. ज्या स्कॅनला २.५ इतका मोठा घात लागतो, तिथे बहुधा वजाबाकी राहून गेलेली असते.

संग्रहपाल

९६ आणि १०६ चे उदाहरण मी माझ्या स्कॅनवर तपासले. कोटाच्या घड्या खरोखरच गॅमाने पुसट झाल्या होत्या आणि वजाबाकीने परत आल्या. एवढे मान्य करतो. परंतु कमाल आणि किमान यांवर विसंबणे धोक्याचे आहे. माझ्या एका स्कॅनमध्ये शाईचा एकच डाग ३० वर होता, तर दुसऱ्यात ओरखडा २५५ वर. अशा वेळी किमान वजा करून हाती काहीच लागत नाही. मी आता १ ला आणि ९९ वा शतमक घेऊन त्यांच्याबाहेरचे कापून पाहिले, ते बरे वाटले. पण काळ्याकुट्ट पार्श्वभूमीच्या छायाचित्रात १ टक्का कापणे निरुपद्रवी असते आणि पांढऱ्या झग्याच्या छायाचित्रात ९९ वा शतमक झग्याची नक्षीच कापतो. तो आकडाही अखेर डोळ्यांनीच ठरतो.

अर्धप्रकाश

माझ्या ०.४५ विषयीचे स्पष्टीकरण वाचले. मी ज्या फाइलींवर काम करतो त्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली आहेत, म्हणून तो आकडा मला नेहमी लागू पडत आला असावा. जेपीईजीसाठी मी तो मागे घेतो. पण ०.३५ हे लक्ष्य कुठून आले? मध्यक ०.५ वर का नेऊ नये? मी तर मध्य राखाडीलाच लक्ष्य धरले असते.

दृक्‌गणित

०.३५ ही माझी निवड आहे, गणिताची नाही. लक्ष्य ०.५ धरले तर वजाबाकीनंतर गॅमा ०.२६ येतो, मूळ ६ चे ७२ होतात, आणि रात्रीचा जिना ढगाळ दुपारच्या जिन्यासारखा दिसतो. जिन्यावर पाऊल कुठे पडले हे पाहायचे असेल, तर तसेही करावे. एकाच ठिकाणच्या अनेक छायाचित्रांची तुलना करायची असेल, तर मात्र प्रत्येकाचा मध्यक वेगळ्या गॅमाने एकाच लक्ष्यावर आणणे मला साफ चुकीचे वाटते, कारण त्यांतला खरा उजेड-अंधाराचा फरकच पुसला जातो. तिथे एकदाच ठरवलेला काळा बिंदू आणि एकच वक्ररेषा सगळ्यांना लावावी.

जिना_आणि_दिवा

तुलना माझे काम नाही. मला पायऱ्यांच्या कडा आणि दिव्याभोवतीचा गिलावा, दोन्ही दिसायला हवेत. दोन्ही वक्ररेषा चालवून पाहिल्या. k ३५ च्या लॉगमध्ये कोपरे स्वच्छ आणि काळे राहिले, पण गिलाव्यातल्या भेगा जवळजवळ नाहीशा झाल्या. गॅमा ०.४० मध्ये भेगा दिसतात, पण खालच्या तीन पायऱ्यांवर दाणे उमटले. k १५ करून पाहिला, तर दिव्याभोवतीचा भाग सुधारला, पण मध्यक ६७ च्या आसपास राहिला आणि कडा पुन्हा बुडाल्या.

दृक्‌गणित

हे एका वक्ररेषेने साधणार नाही असे माझे मत आहे, कारण ती प्रत्येक पिक्सेलला त्याच्या मूल्यावरूनच ओळखते, जागेवरून नाही. दिव्याभोवती १५० च्या वर पुरेसे पिक्सेल असतील तर मी गॅमाच ठेवीन आणि दाणे आधी काढीन.

संग्रहपाल

मी उलट करीन. दाणे काढताना पायऱ्यांच्या कडाही मऊ होतात, आणि कडाच तर हव्या आहेत. लॉग ठेवावा आणि भेगांवर पाणी सोडावे.