पालकांची संमती, मग मुलांची काय? नैतिकता समितीला लिहायच्या पत्रातले शब्द

मृण्मयी_के
मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एम.डी. करते आहे. दोन जिल्हा परिषद शाळांतल्या पाचवी ते आठवीच्या १२० मुलांची उंची आणि वजन मोजायचं आहे, आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघायचं आहे. आमच्या संस्थेच्या नैतिकता समितीने मंजुरीच्या अर्जाची मराठी प्रतही मागितली, कारण समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सदस्यही असतात. मी लिहिलेला भाग असा:

"विषय: शालेय विद्यार्थ्यांवरील संशोधनास संमती मिळणेबाबत.
मुख्याध्यापकांची संमती घेतली असून पालकांची संमती व विद्यार्थ्यांची अनुमती घेण्यात येईल. एकूण १२० नमुने घेतले जातील."

इंग्रजी प्रतीत पालकांसाठी 'कन्सेंट' आणि मुलांसाठी 'असेंट' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'असेंट'ला 'अनुमती' चालेल का?

श्रीपादशास्त्री
चालेल, आणि तोच शब्द योग्य आहे. संमती आणि अनुमती या दोन्हींच्या मुळाशी 'मन्' हा एकच धातू आहे. 'सम्' जोडलं की पूर्ण, एकत्रित मान्यता. 'अनु' म्हणजे मागून, अनुसरून. आधी पालकांची संमती, तिच्यामागून मुलाची अनुमती. याहून नेमका शब्द सापडणार नाही.

वैजयंती_प
शास्त्रीजी, व्युत्पत्ती तुम्ही बरोबर सांगितलीत, पण मराठीत हा शब्द आज उलट्या दिशेने चालतो. विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळते, सभागृहात सदस्य अध्यक्षांच्या अनुमतीने बोलतो. अनुमती वरचा माणूस देतो. इंग्रजीत विधेयकाचं 'असेंट' आणि मुलाचं 'असेंट' एकच असल्यामुळे राजभाषेतला शब्द उचलून मुलाच्या कागदावर आला असावा, असं मला वाटतं.

मी काही वर्षं अशा एका समितीची सदस्य-सचिव होते. एका अर्जाबरोबरच्या मराठी कागदाचं उलट भाषांतर करून घेतलं, तेव्हा 'अनुमती'चं इंग्रजीत 'परमिशन' झालं आणि मुख्याध्यापकांच्या 'परवानगी'चंही 'परमिशन'च. दोन वेगळ्या गोष्टी एकच झाल्या आणि अर्ज परत गेला.

मृण्मयी, तुमच्या पत्रात चार जणांचं 'हो' लागतं आणि प्रत्येकाचं 'हो' वेगळं आहे. समिती देते ती मंजुरी. शिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापक देतात ती परवानगी, म्हणजे शाळेच्या आवारात येऊन काम करायची मुभा. संमती फक्त पालकांची. 'मुख्याध्यापकांची संमती घेतली' असं वाचलं की समिती पहिला प्रश्न हाच विचारते, की मुलांच्या वतीने मुख्याध्यापकांनी होकार दिला की काय? तो त्यांना देता येत नाही.

आणि मुलाचा तो होकार. मी हाच शब्द लिहीन, कारण त्याला 'नकार' हा घरचा जोडीदार आहे. कागदावर मुलाला दोन्ही दिसले पाहिजेत.

नेहा_आई
आमच्या शाळेतून सहलीची चिठ्ठी येते तिच्यात 'ना हरकत' असतं. मागे दाततपासणीच्या वेळी तर 'हरकत असल्यास दोन दिवसांत कळवावे' एवढंच होतं. सोपं पडतं, सही करून पाठवायलाही नको. तसंच लिहा की.

वैजयंती_प
नेहाताई, सहलीला चालत असेल, इथे नाही. 'हरकत असल्यास कळवावे' म्हणजे जो बोलला नाही त्याचं 'हो' धरायचं. मौनं संमतिलक्षणम् आपल्या कानात इतकं बसलंय की चूक लक्षातच येत नाही. चिठ्ठी दप्तरातच राहिली तर त्या आईने काय संमती दिली?

वर्गातही हेच होतं. एका शाळेत मी स्वतः उभी होते. सरांनी विचारलं, "सगळे तयार ना?" आणि अख्खा वर्ग सुरात "हो सर!" म्हणाला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगीही ओरडली होती. पण तिची पाळी आली तेव्हा तिने उजवा हात पाठीमागे नेला आणि तो पुढे आणलाच नाही. पालकांची सही आमच्याकडे होती. आम्ही तिला टोचलं नाही, कागदावर 'नकार' लिहिलं आणि उंची-वजन तरी घेऊ का, असं वेगळं विचारलं. त्याला तिने मान हलवली. म्हणून होकार एकेकट्याने विचारायचा, आणि शक्यतो शिक्षक बाजूला असताना.

श्रीपादशास्त्री
मुद्दा पटला. तरी 'होकार' औपचारिक पत्रात हलका वाटतो. आमच्याकडे होकार म्हटलं की स्थळाकडून आलेलाच आठवतो. 'सहमती' कशी वाटते?

वैजयंती_प
'सहमती' पुष्कळ छापील कागदांवर दिसते आणि समित्या ती स्वीकारतातही. माझं मत एवढंच, की सहमती बरोबरीच्या लोकांत होते, चर्चेनंतर. दहा वर्षांच्या मुलाची डॉक्टरांशी सहमती झाली हे मला खरं वाटत नाही. पत्रात 'मुलांची सहमती' आणि मुलाच्या हातातल्या कागदावर 'मी तयार आहे / मी तयार नाही', अशी तोड निघू शकते.

मृण्मयी, एक गोष्ट मात्र शब्दाने सुटणार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलांचा होकार तोंडी घेतात, पालकांसमोर, आणि त्याची नोंद ठेवतात. १२ ते १८ च्या मुलांचा लेखी. तुमच्या पाचवी ते आठवीत दोन्ही गट येतात. नुसतं 'विद्यार्थ्यांची अनुमती घेण्यात येईल' लिहिलंत तर कशी, हे विचारायला अर्ज परत येईल. इयत्तेवर न जाता जन्मतारखेवरून गट पाडा. सहावी-सातवीच्या एकाच वर्गात दोन्हीकडची मुलं बसलेली असतात.

रानवाट
'१२० नमुने' वाचून मी थबकलो. मुलं १२० की रक्ताचे नमुने १२०? ज्याने नकार दिला त्याचा नमुना नसेल, मग मुलं किती? मुलांसाठी 'सहभागी' लिहा. आणि 'विद्यार्थ्यांवरील संशोधन' यातला तो 'वर' काढा. माझी आई शाळेत मदतनीस होती. 'मुलांवर' काही करणार म्हटलं की गावात आधी भीतीच पसरते.

गणेश_मास्तर
मी बीड जिल्ह्यात शिकवतो. माझी अडचण 'पालक' या शब्दाची आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात ते थेट मार्च-एप्रिलला परततात. मुलं आजीकडे राहतात. शाळेच्या लेखी आजीच पालक, प्रगतिपुस्तकावर तिचाच अंगठा. तुमच्या कागदावर 'पालकांची सही' असेल तर मी तो आजीपुढेच धरणार. चालेल का ते?

वैजयंती_प
मास्तर, इथे मराठी शब्दच तोकडा पडतो. इंग्रजी कागदात आईवडील वेगळे आणि कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी वेगळा. आपला 'पालक' दोघांनाही पोटात घेतो, वर आजी, मामा आणि वसतिगृहाचे अधीक्षकही. पत्रात 'आई किंवा वडील, अथवा कायदेशीर पालक' असं फोडून लिहावं. आजीच्या अंगठ्याचं काय, हे मात्र समितीलाच थेट विचारा. मी होते त्या समितीत यावर दोन मतं होती. काही जण म्हणत, आईशी फोनवर बोलून साक्षीदारासमोर नोंद करा. काही म्हणत, आईवडील गावात असतील तेव्हाच अभ्यास करा.

मृण्मयी_के
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं लिहिलं आहे:

"विषय: शालेय विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या संशोधनास मंजुरी मिळणेबाबत.
शिक्षणाधिकारी व मुख्याध्यापक यांची परवानगी घेतली आहे. प्रत्येक मुलाच्या आई किंवा वडिलांची, अथवा कायदेशीर पालकांची लेखी संमती घेतली जाईल. त्यानंतर १२ वर्षांखालील मुलांचा तोंडी होकार पालकांसमोर घेऊन नोंदवला जाईल. १२ वर्षे व त्यापुढील मुलांचा लेखी होकार घेतला जाईल. पालकांची संमती असूनही मुलाने नकार दिल्यास त्याची तपासणी केली जाणार नाही. जास्तीत जास्त १२० मुले सहभागी होतील."

'होकार' ठेवला आहे, शास्त्रीजी रागावू नका. आणि मास्तर, माझ्या दोन शाळांपैकी एकीतही ऊसतोडीची मुलं आहेत, हे मी अर्जात लिहिलंच नव्हतं. तपासणी डिसेंबरात ठरवली होती. ती जूनमध्ये, शाळा उघडल्यावर घेता येईल का, ते उद्या गाईडना विचारते.