मदत हवी आहे: बरगड्या मोडल्यात, तात्या शांत पडून आहेत, तरी डॉक्टर पाठीत नळी घालायची म्हणतात

होटगीरोडकर

वडील (तात्या), वय ६८. रविवारी संध्याकाळी अक्कलकोट रोडला गाडी घसरली आणि हँडल डाव्या कुशीत बसलं. सीटी स्कॅनमध्ये डावीकडच्या चौथ्या ते आठव्या बरगड्या मोडलेल्या दिसतात. त्यातल्या पाचवी, सहावी आणि सातवी दोन-दोन ठिकाणी मोडल्यात. डॉक्टर याला फ्लेल चेस्ट म्हणाले. फुफ्फुसाला मुका मार आहे, पण रक्त फारसं साठलेलं नाही. आयसीयूत आहेत, मास्कने ऑक्सिजन चालू आहे, मॉनिटरवर ९६ दिसतो.

तात्या आयुष्यभर साच्यावर उभे राहिले, बिडी कालपर्यंत चालू होती. अँजिओप्लास्टी झाल्यापासून रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी घेतात.

अडचण अशी की तात्या अगदी निपचित पडलेत. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणतात. तरी डॉक्टर म्हणतात, दुखणं आटोक्यात नाही, पाठीतून बारीक नळी घालून छाती बधिर करू, सही द्या. मामांचं म्हणणं, पाठीत सुई टोचली की माणूस कायमचा कमरेतून जातो, आणि जास्त पेनकिलरने किडन्या जातात. आत्या म्हणते, छातीला पट्टा आवळून बांधा. सही द्यावी का?

चाटीगल्ली

पट्टा बांधाच. माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, पट्टा बांधून महिनाभर दुकानात बसलो, काही झालं नाही. आता थंडीत तिथंच चमक मारते, त्यावर कुणाला तेल माहीत असेल तर सांगा.

भूलवाली

चाटीगल्ली, तुमच्या तेलाचं नंतर बघू. पट्टा मात्र नकोच. पट्ट्याने दुखणं थोडं कमी होतं, पण छाती फुगतच नाही, आणि ६८ वर्षांच्या बिडी ओढणाऱ्या माणसाला तेच महागात पडतं.

मी भूलतज्ज्ञ आहे, बार्शीला असते. तात्यांना बघितलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा.

होटगीरोडकर, तात्या शांत आहेत ते दुखत नाही म्हणून नव्हे, हललं की दुखतं म्हणून. ते वरवरचा, छोटा श्वास घेताहेत आणि खोकला दाबताहेत. छोट्या श्वासाने फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो. खोकला नाही म्हणून बेडका आतच साठतो, त्यात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. बरगड्यांचे पेशंट गमावले जातात ते बहुतेक या वाटेने. त्यात मुका मार लागलेलं फुफ्फुस पहिल्या एक-दोन दिवसांत आणखी सुजतं, म्हणजे आल्या दिवशी बरा वाटणारा पेशंट नंतर ढासळू शकतो.

म्हणून "दुखतंय का" असं पडल्यापडल्या विचारू नका. "तात्या, मोठा श्वास घ्या, आता खोका" म्हणा आणि चेहरा बघा. तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र दिलं असेल (फुंकायचं कसलं, आत ओढायचं असतं ते), त्यात किती गोळ्या वर जातात? मिनिटाला श्वास किती? एका दमात पूर्ण वाक्य बोलतात का?

आणि ९६ वर विसंबू नका. मास्क लावलेला असताना तो आकडा चांगला दिसतो, पण आत कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो. ते धमनीतल्या रक्ताच्या तपासणीतच कळतं. माणूस उगाच गुंगायला लागला तर लगेच सिस्टरांना सांगा.

नाना_जुळे_सोलापूर

डॉक्टरीणबाई, मी थोडंफार वाचलंय. दुखणं मारणारी औषधंच श्वास मंदावतात ना? मग गुंगीचं औषध देऊन श्वास वाचवायचा हे उलटंच झालं. फ्लेल चेस्टला सरळ व्हेंटिलेटर लावतात, बरगड्या जुळेपर्यंत.

भूलवाली

नाना, निम्मं बरोबर आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि पेशंट पेंगतो. म्हणूनच नुसत्या त्या इंजेक्शनांवर भर न देता पॅरासिटामॉल घड्याळ लावून द्यायचं, दुखल्यावर नव्हे, आणि मुख्य काम नसा बधिर करून घ्यायचं. म्हणजे पेशंट जागा राहतो, खोकतो, आणि गुंगीचं औषध थोडक्यात भागतं. किडनीची मामांची भीती ब्रुफेन-डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्यांबद्दल खरी आहे, या वयात त्या जपूनच. पॅरासिटामॉलला ती अडचण नाही.

व्हेंटिलेटरचं म्हणाल तर पूर्वी तसंच करत, हवेच्या दाबाने छाती आतून ताठ ठेवायची. १९७५ साली ट्रिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दुखणं नीट थांबवून, बेडका काढत राहून बरेच पेशंट व्हेंटिलेटरशिवाय निभावतात. आता तो श्वास खरंच थकला तरच लावतात.

एक महत्त्वाचं. क्लोपिडोग्रेल चालू असताना मणक्याच्या आतली नळी, म्हणजे एपिड्युरल, आम्ही टाळतो. आत रक्त साठून मज्जारज्जू दबू शकतो. ते औषध साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद असावं लागतं, आणि स्टेंट असताना हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करता येत नाही. मणक्याच्या बाहेर, पाठीच्या स्नायूखाली नळी ठेवण्याची पद्धत आहे, इरेक्टर स्पायनी ब्लॉक. ती सोनोग्राफीत बघून घालतात आणि तिथे हा धोका बराच कमी असतो. कुठली नळी, आणि क्लोपिडोग्रेलचं त्यांना माहीत आहे का, एवढं आज विचारा.

होटगीरोडकर

विचारलं. स्टेंटची फाईल घरी राहिली होती, त्यामुळे गोळीचं त्यांच्या कागदावर नव्हतंच. भूलतज्ज्ञ म्हणाले, मग एपिड्युरल नको, स्नायूखालचीच नळी घालू. मामांना त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर मणका कुठे आणि सुई कुठे ते दाखवलं. मामा गप्प झाले, पटलं असं नाही. सही दिली.

नळीतून औषध गेलं आणि तासाभरात तात्या पाणी मागायला लागले, तेही पूर्ण वाक्यात. त्याआधी यंत्रातली पहिली गोळी कशीबशी हलत होती, आज सकाळी दुसरीही वर गेली. श्वास मिनिटाला ३२ होता, आता २२-२४. खोकून तपकिरी घट्ट बेडका पडला, तो बघून आत्या घाबरली.

फिजिओ_मोहोळ

बेडका पडला हे चांगलंच. खोकताना सोलापुरी चादरीची जाड घडी करून मोडलेल्या बाजूवर तात्यांच्याच हाताने घट्ट दाबून धरायला लावा. खोकला झाला की सोडायची. जागे असतील तेव्हा दर तासाला दहा वेळा यंत्र. खुर्चीत बसवायला डॉक्टर हो म्हणाले की लगेच बसवा, आडवं पडून फुफ्फुस फुगत नाही. नळीतलं औषध दिल्यावर थोड्या वेळाने व्यायाम घ्या.

चाटीगल्ली

चादर तेवढी आमच्याकडून न्या.

होटगीरोडकर

घेतो. आज सर्जन आले होते. बरगड्यांना प्लेटा बसवायच्या का यावर विचार करू म्हणाले. भूलतज्ज्ञांच्या मते सध्या श्वास सुधारतोय तर थांबावं. दोघांचं एकमत नाही.

भूलवाली

याचं उत्तर दुरून देता येणार नाही. प्लेटा बसवायच्या तर पहिल्या काही दिवसांत बसवलेल्या बऱ्या, त्यामुळे निर्णय फार लांबवू नका. तात्यांसारख्या जागेपणी सुधारणाऱ्या पेशंटला फायदा किती, यावर आमच्यातही मतभेद आहेत. सर्जनना विचारा, ऑपरेशनच्या वेळी क्लोपिडोग्रेलचं काय करणार? आणि उद्या ताप आला, बेडका हिरवा झाला किंवा यंत्रातली दुसरी गोळी परत खाली राहायला लागली तर इथे लिहीत बसू नका, राउंडची वाटही बघू नका.