चौथा वाढदिवस, बारा पाहुणे, चार हजार रुपये : तुमचे अनुभव लिहा

लेक पुढच्या महिन्यात चार वर्षांची होतेय. ऐरोलीत वन बीएचके आहे, बारा मुलांना बोलवायचंय आणि चार हजारांत बसवायचंय. घरीच वाढदिवस केलेल्यांनी सविस्तर लिहा.

नेरुळची मावशी : आधी बारा म्हणजे कोण ते ठरव. या वयाची मुलं एकटी येत नाहीत. बारा मुलं म्हटली की तेवढ्याच आया आणि एखाददुसरं धाकटं भावंड, म्हणजे पंचवीस ताटल्या! आम्ही सहा मुलं आणि त्यांच्या आया असे बाराजण बोलावले. निमंत्रणात ‘५ ते ६.३०’ असं स्पष्ट लिहिलं, त्यामुळे जेवणाचा प्रश्न आला नाही. पावभाजी केली. मसाला घालण्याआधी मुलांची भाजी वेगळी काढली आणि त्यांचे पाव लोण्यावर भाजून चार-चार तुकडे करून दिले. ताटलीत फारसं काही उरलं नाही.

ठाणेकर बाबा : अर्धा किलो केक पुरतो, मुलं नुसतं क्रीम चाटतात. फुगे जांभळी नाक्यावरून आणा, स्वस्त पडतात. भरपूर फुगे खाली सोडा, मुलं तासभर त्यांच्यातच रमतात, वेगळे खेळ लागत नाहीत.

घोडबंदरची आजी : आमच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला सोसायटीचा हॉल घेतला होता. औक्षण झालं आणि बाळ झोपलं ते शेवटपर्यंत. म्हणून म्हणते, झोपेची वेळ सांभाळा हो.

बालवाडीची ताई : आजी, चौथ्या वर्षीही तेच लागू. दुपारची झोप झालेली हवी.

बाबा, केकचं मुलांपुरतं बरोबर, पण आयांना धरून एक किलो लागेल. फुगे मात्र खाली सोडू नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर श्वासनलिकेत अडकतो. भिंतीवर उंच लावा आणि फुटला की तुकडे लगेच उचला. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, पॉपकॉर्नही त्याच कारणासाठी नकोत.

आणि ज्यात मूल बाद होतं असा खेळ घेऊ नका. पहिलं बाद झालेलं रडतं, मग त्याची आई त्याला घेऊन कोपऱ्यात बसते. आम्ही पार्सलचा खेळ घेतो. रद्दी पेपरचे मुलांइतकेच थर, प्रत्येक थरात एक स्टिकर. गाणं चालू असताना पार्सल एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं आणि गाणं थांबलं की ज्याच्या हातात ते असेल त्या मुलाने एक थर फाडायचा. कुणाकडे थांबायचं ते गाणं लावणाऱ्याने बघायचं, म्हणजे प्रत्येकाला पाळी मिळते. त्या वयात फाडण्यातच खरा आनंद असतो. केक मात्र मुलं आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कापा. समोर ठेवलेल्या केकसाठी मुलं थांबत नाहीत.

धागाकर्ती : मग सहा मुलंच बोलावते. रिटर्न गिफ्टचं काय?

नेरुळची मावशी : खडूंची पेटी आणि चित्रांची वही. रिकाम्या हाताने पाठवणं मला पटत नाही.

ठाणेकर बाबा : आम्ही काहीच दिलं नाही, कुणी विचारलंही नाही. ते पैसे केकमध्ये घाला.

बालवाडीची ताई : काहीही द्या, पण सगळ्यांना एकाच रंगाचं द्या.