मोकळ्यावर भिंतीच नसतात, तेच दुखणं
> घरात फोन दुसऱ्या खोलीत असला तरी गाणं चालतं, आणि मैदानात खिशातच असून तुटतं. इअरबड बिघडलाय का?

नसावा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपलं शरीर, म्हणजे बरंचसं पाणीच, त्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. फोन उजव्या मागच्या खिशात आणि सिग्नल घेणारा बड डाव्या कानात असेल, तर मध्ये अख्खं धड येतं. घरात भिंती, छत, कपाटावरून परावर्तित झालेला सिग्नल वळसा घालून कानापर्यंत पोहोचतो. मैदानात परतवायला जमिनीखेरीज फारसं काही नसतं. म्हणजे ज्या भिंतीला आपण शिव्या देतो, तीच घरात मदत करत असते!

माझं असंच व्हायचं. पळताना डावा पाय पुढे गेला की आवाज अडखळायचा, अगदी ठेक्यात. फोन डाव्या दंडाला बांधला आणि थांबलं. माझ्या जुन्या जोडीत डावाच बड फोनशी बोलायचा आणि उजव्याला आवाज पुढे पाठवायचा, म्हणून बाजू महत्त्वाची ठरली.

काही जण त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वायफायच्या गर्दीला दोष देतात, तेही खरं असू शकतं, पण ओळखणं सोपं आहे. फोन छातीसमोर हातात धरा. आवाज लगेच सुधारला तर अडथळा शरीराचाच. तरीही तुटत राहिला, आणि राउटरजवळ किंवा चालू मायक्रोवेव्हपाशी जास्तच तुटला, तर गर्दी. तेव्हा फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.