गटाचा नकाशा: एक गुंठा कुठे गेला?

अण्णा: मोजणी नकाशाचा फोटो टाकलाय. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला. 37.5 × 45.5 = 1706 चौ.मी. सातबाऱ्यावर 0.16.00, म्हणजे 1600. गुंठ्याहून जास्त गेलं कुठे? शेजाऱ्याने बांध कोरलाय, मी केव्हापासून सांगतोय.

मोठी काकू: पुन्हा बांध! गणपतीत याच विषयापायी जेवणं थंड झाली होती.

मीनल: अण्णाकाका, सरासरीचा हिशोब चारही कोपरे काटकोनात असले तरच जुळतो, एरवी जास्तच येतो. आपला विहिरीचा कोपरा तर केवढा फाकलेला आहे.

नंदूदादा: मी फोटो मोठा करून पडद्यावर पट्टी लावली. 1:1000 प्रमाण धरून 1450 येतात 😀

मीनल: दादा, ते प्रमाण कागदाचं, पडद्याचं नाही. शिवाय फोटो तिरका आलाय, लांबची बाजू आखूड दिसते. फोटोतले फक्त लिहिलेले आकडे घ्यायचे.

अण्णा: तेच घेतलेत. आंब्यापासून रस्त्याकडेने 41, मग विहिरीपर्यंत 39, ओढ्याकडे 34, परत आंब्याला 52. सरासरीने 1706.

मीनल: चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाही, काका. खाटेची चौकट खिळखिळी झाली की तिरकी होते; बाजू त्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. एक कर्ण हवाच, आणि तो नकाशावर लिहिलेला नाही. उन्हाळ्यात मी आणि बाबांनी आंबा ते विहीर टेप लावला होता: 50 मीटर. म्हणजे दोन त्रिकोण झाले.

तीन बाजूंच्या बेरजेचं निम्मं s. त्यातून एकेक बाजू वजा करून सगळ्यांचा गुणाकार, मग वर्गमूळ.

रस्त्याकडचा त्रिकोण 41, 39, 50. s = 65.
√(65×24×26×15) = 780

ओढ्याकडचा 34, 52, 50. s = 68.
√(68×34×16×18) = 816

एकूण 1596 चौ.मी. सातबाऱ्याला चार कमी.

अण्णा: सरासरीने 1706 येतात. वडील असंच मोजायचे.

मोठी काकू: अहो, तिसऱ्यांदा तेच. पोरीने पायऱ्या लिहून दिल्यात.

अण्णा: आणि टेप ढिला धरला असेल तर?

मीनल: रास्त शंका आहे. दुसरा कर्ण मोजून तपासता येईल. बाजू आणि 50 बरोबर असतील, तर तो 65.3 च्या आसपास यायला हवा.

नंदूदादा: आज शेतावरच आहे. गड्याला टेपचं टोक धरायला लावलं, मधली झुडपं तोडून टेप ताणून घेतला. 65.3 आला.

मीनल: त्या कर्णाने दोन त्रिकोण पाडले तर 1066 आणि 531, मिळून 1597.

अण्णा: ठीक. नंदू, तिथेच आहेस तर ओढ्याकडची खूण जागेवर आहे का, तेवढं बघून ये. ती बाजू आज कोणी मोजलेली नाही.

नंदूदादा: 34 नकाशावरचेच आहेत, खरंय. निघालो.